८० टक्क्यांपर्यंत धावतं, पुढे रांगतं: फोन चार्जिंगच्या वेळेचे दावे वाचायचे कसे?

ऋतुगंध

घरात नवा फोन घ्यायचाय आणि निवडायचं काम माझ्याकडे आलंय. दोन फोनांपाशी येऊन अडले आहे. पहिल्याची बॅटरी ५००० एमएएच, सोबत ६७ वॅटचा चार्जर, आणि जाहिरातीत ‘१५ मिनिटांत ५० टक्के, ४६ मिनिटांत पूर्ण’. दुसऱ्याची बॅटरी ६००० एमएएच, चार्जर ४५ वॅटचा, आणि ‘६० मिनिटांत पूर्ण’ एवढंच लिहिलंय.

माझा घोळ पहिल्या फोनच्या आकड्यांपाशी आहे. १५ मिनिटांत निम्मी भरते तर ३० मिनिटांत पूर्ण भरायला हवी. ४६ कशी लागतात? वॅटवरून बघितलं तर आणखीच कोडं पडतं. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास, त्याला सेलच्या सरासरी ३.८७ व्होल्टने गुणलं की १९.३५ वॅट-तास येतात. त्याला ६७ने भागलं तर जेमतेम १७ मिनिटं. म्हणजे कंपनी स्वतःच सांगतेय की ६७ वॅटचा चार्जर १७ मिनिटांचं काम ४६ मिनिटांत करतो. मधली २९ मिनिटं जातात कुठे?

सध्याच्या फोनवरही हेच बघते. ८० टक्क्यांपर्यंत आकडा भराभर पळतो आणि मग शेवटचे २० टक्के जीव खातात. नक्की काय होतं आत?

भटक्या

सोपं आहे. गच्चीवरच्या टाकीत खालून पाणी चढतं तेव्हा टाकी भरत आली की धार मंदावते ना, तसंच. चार्जर आणि बॅटरी यांच्यातला फरक कमी होत जातो, म्हणून प्रवाह कमी. त्यात कंपन्या ८०ला सॉफ्टवेअरने ब्रेक लावतात, बॅटरी जास्त वर्षं टिकावी म्हणून. तो ब्रेक काढला तर अर्ध्या तासात फुल होईल, पण कंपन्या तशी सोयच देत नाहीत.

सुलभाताई

माझा फोन तर ८०च्या पुढे जातच नाही! रात्री लावते, सकाळी बघते तर ८०. कधीकधी मात्र उठेपर्यंत १०० झालेला असतो. बॅटरी गेली का माझी? दुकानात दाखवावा का?

मीटरवाला

सुलभाताई, दुकानात जायच्या आधी सेटिंगमध्ये बॅटरीचं पान उघडून बघा. ८०वर थांबायचा पर्याय चालू असणार. आयफोनमध्ये २०१९च्या आयओएस १३पासून फोन तुमची उठायची वेळ शिकतो, रात्रभर ८०वर थांबतो आणि उठायच्या सुमारास उरलेलं भरतो. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांतही अशी सोय आहे. नेमानं ८०ला थांबणारा पर्याय वेगळा आणि हा शिकणारा वेगळा. ‘कधीकधी १००’ म्हणताय म्हणजे तुमच्याकडे शिकणारा असावा. बॅटरीला काही झालेलं नाही. पण ऋतुगंध विचारतायत ते ८० हे नव्हे. तुमचं ८० कुणीतरी ठरवून दिलेलं आहे. त्यांचं ८० सेलच्या स्वभावातून येतं, आणि ते नेमकं ८०वर असतंच असंही नाही.

भटक्या, तुमचं अर्धं बरोबर आहे. प्रवाह मंदावतो हे खरं, पण आपोआप नाही, मंदावावा लागतो. पाणी जास्त चढलं तर टाकी वाहून जाते, बाकी काही बिघडत नाही. सेलचं तसं नाही. लिथियम-आयन सेलला व्होल्टेजची एक वरची मर्यादा असते. पूर्वी ती ४.२ व्होल्ट असायची, आताच्या बऱ्याच फोनांत ४.४५च्या आसपास असते. ती ओलांडली की आतला द्रव विघटित व्हायला लागतो, धन बाजूच्या पदार्थाची रचना ढासळते. म्हणून चार्जिंग दोन टप्प्यांत करतात. पहिल्या टप्प्यात प्रवाह मोठा ठेवायचा आणि व्होल्टेज वर चढू द्यायचं. व्होल्टेज मर्यादेला टेकलं की दुसरा टप्पा: व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं आणि त्यात बसेल तेवढाच प्रवाह द्यायचा. तो मग आपला कमी कमी होत जातो आणि ठरलेल्या मर्यादेखाली गेला की चार्जिंग बंद.

गंमत कुठे आहे, तर व्होल्टेज मर्यादेला टेकतं तेव्हा सेल भरलेला नसतो. सेलला स्वतःचा विरोध असतो. समजा सगळा मिळून तो ०.०२५ ओहम आहे. १२ अँपिअर ढकलले तर ०.३ व्होल्ट नुसते त्या विरोधावर चढतात. बाहेरून ४.४५ दिसत असताना सेल आतून ४.१५लाच असतो, म्हणजे अजून पाव भाग रिकामा. आता त्याच सेलला ३ अँपिअरनं भरा. विरोधावर फक्त ०.०७५ व्होल्ट चढतात, म्हणून बाहेरून ४.४५ दिसेपर्यंत आतून ४.३७ झालेले असतात, सेल जवळपास भरत आलेला असतो. चार्जर जेवढा जोरकस तेवढं वळण लवकर येतं. जुन्या १० वॅटच्या चार्जरवर ते बरंच उशिरा यायचं.

तिसरा_डोळा

म्हणजे सॉफ्टवेअरचा काही हात नाही? हे मला पटत नाही. माझ्या फोनचं चार्जिंग ५०नंतरच मंदावतं. तिथे व्होल्टेज मर्यादेला टेकलेलं असणं शक्य नाही.

मीटरवाला

सॉफ्टवेअरचा हात आहे, आणि तुमचं निरीक्षण अगदी रास्त आहे. हल्लीचे फोन एकाच प्रवाहानं मर्यादेपर्यंत जात नाहीत. पायऱ्या असतात: अमुक व्होल्टेजपर्यंत इतका प्रवाह, पुढच्या व्होल्टेजपर्यंत त्याहून कमी. शिवाय फोन तापला की प्रवाह आणखी उतरवतात.

पायऱ्या ठेवण्यामागे ऋण बाजूचं कारण आहे. लिथियम ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतं. थर रिकामे असताना ते पटापट शिरतं. भरत आले की आत सरकायला वेळ लागतो आणि बाहेरून येणारं मात्र त्याच वेगानं आदळत राहतं. मग ते आत न जाता पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं. त्यातलं बरंचसं पुन्हा कामी येत नाही, क्षमता कायमची घटते, आणि साचलेले काटे वाढत गेले तर आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. थंडीत हे फार लवकर होतं, म्हणून गार पडलेला फोन हळू चार्ज होतो आणि गोठणबिंदूखाली बरेच फोन चार्जिंग घेतच नाहीत. भटक्या म्हणतात तसा ‘ब्रेक काढला’ तर अर्ध्या तासात १०० दिसेलही, पण असं काही वेळा केल्यावर तो सेल कुणी खिशात ठेवू नये.

अस्मानी

विजेवरच्या गाड्यांचे दावे ‘१० ते ८० टक्के’ असेच दिलेले असतात, त्याचं कारण हेच असणार. मी प्रवासात ८०ला गाडी काढून पुढे निघते, कारण शेवटच्या २०ला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. निदान तिथे कुठून कुठपर्यंत ते लिहिलेलं तरी असतं. फोनवाले ‘१५ मिनिटांत ५०’ म्हणतात तेव्हा शून्यापासून का, एकपासून का, काही कळत नाही.

मीटरवाला

हो, कारण तेच. आणि फोनचं म्हणाल तर, बारीक अक्षरांतली तळटीप वाचा. बहुतेक ठिकाणी एक टक्क्यापासून मोजलेलं असतं, खोलीचं तापमान २५ अंशांच्या आसपास, स्क्रीन बंद, सोबतचाच चार्जर, सोबतचीच केबल. काही फोनांत सेटिंगमधला जलद मोड वेगळा चालू करावा लागतो आणि दावा त्या मोडचा असतो. यातलं काही खोटं नाही. पण तुम्ही नकाशा लावून, ऊन पडलेल्या काचेजवळ फोन ठेवून चार्ज केलात तर तो दावा तुमच्यासाठी नाही.

ऋतुगंध

मीटरवाला, फार नीट समजलं. मग ६७ वॅट म्हणजे नक्की काय? कधीतरी ते ६७ मिळतात की नाही?

मीटरवाला

६७ ही चार्जर देऊ शकतो ती कमाल. सुरुवातीची काही मिनिटं फोन तिच्या जवळपास जाईल, मग पायऱ्या उतरत येईल. त्यातही चार्जर ते बॅटरी या वाटेत काही भाग उष्णता होऊन जातो. म्हणून मी वॅट बघतच नाही, वेळेवरून सरासरी काढतो. तुमच्याच आकड्यांवर करू.

पहिला दावा: १५ मिनिटांत ५०. निम्मे म्हणजे ९.७ वॅट-तास, पाव तासात. सरासरी साधारण ३९ वॅट बॅटरीत गेले. उरलेले निम्मे ३१ मिनिटांत, म्हणजे सरासरी १९ वॅटच्या जरा खाली. पूर्ण प्रवासाची सरासरी २५ वॅट. एकाच फोनचे ६७, ३९, २५ असे तीन आकडे झाले आणि तिन्ही खरे. जाहिरातीत कुठला मोठा छापायचा हे त्यांनी ठरवलं, आपल्याला कुठला लागतो ते आपण ठरवायचं.

आता दुसरा फोन. ६००० एमएएच म्हणजे साधारण २३.२ वॅट-तास, एका तासात. सरासरी २३ वॅट. खोक्यावर ६७ विरुद्ध ४५ आहे, प्रत्यक्षात २५ विरुद्ध २३. १५ मिनिटांत पहिला पुढे असेल यात शंका नाही, पण रात्री किंवा कामाच्या टेबलावर निवांत लावणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही.

अजून एक. टक्क्यांची तुलना करताना टक्का कशाचा ते बघा. दुसऱ्या फोनचे ४० टक्के २४०० एमएएच होतात आणि पहिल्याचे ५० टक्के २५००. दुसरा १५ मिनिटांत ४०ला पोचला तर ‘मागे पडला’ असं दिसेल, पण आत गेलेला विजेचा साठा जवळजवळ सारखाच.

तिसरा_डोळा

हे सगळं कंपनीचे आकडे खरे धरून झालं. स्वतः तपासायचं असेल तर? टक्क्यावर माझा विश्वास नाही, तो आकडा फोन काहीही दाखवू शकतो.

मीटरवाला

संगणक जवळ असेल तर अँड्रॉइडवर तपासता येतं. एक अडचण आधीच सांगतो. केबलनं फोन संगणकाला जोडलात तर तो संगणकाच्या पोर्टवरून मंद चार्ज होईल आणि तुम्ही भलतंच मोजाल. म्हणून डेव्हलपर पर्यायांत जाऊन वायरलेस डिबगिंग चालू करायचं (अँड्रॉइड ११पासून आहे), संगणक वाय-फायवरून जोडायचा आणि फोन त्याच्या खऱ्या चार्जरला लावायचा. मग हे चालवायचं:

```
adb shell dumpsys battery
```

माझ्याकडच्या ५००० एमएएच, ६७ वॅटच्या एका फोनवर चार्जिंगच्या मध्येच घेतलेल्या नोंदीतल्या कामाच्या ओळी अशा:

```
  Charge counter: 4100000
  status: 2
  level: 82
  voltage: 4447
  temperature: 371
```

`voltage` मिलिव्होल्टमध्ये असतं, म्हणजे ४.४४७ व्होल्ट: मर्यादेला टेकलेलं. `temperature` दशांश अंशांत, म्हणजे ३७.१ अंश. सगळ्यात मोलाची ओळ `Charge counter`. ती बऱ्याच फोनांत मायक्रोअँपिअर-तासांत असते, म्हणजे बॅटरीत आत्ता ४१०० एमएएच आहेत. पाच मिनिटांनी तीच आज्ञा दिली तेव्हा ४४३०००० आलं. पाच मिनिटांत ३३० एमएएच, म्हणजे तासाला ३९६०, म्हणजेच सरासरी ४ अँपिअर. ४.४५ व्होल्टनं गुणा, १८ वॅटच्याही आत. याच फोनला २० टक्क्यांवर असताना पाच मिनिटांत ७७० एमएएच मिळाले होते, सव्वानऊ अँपिअर. टक्क्यांवर विसंबायची गरज उरत नाही.

तुमचा संशय मात्र एका जागी खरा ठरतो. स्क्रीनवर १०० झाले तेव्हा ४९ मिनिटं झाली होती, काउंटर ४८९०००० होता आणि `status` अजून 2, म्हणजे ‘चार्ज होतोय’. तो 5, म्हणजे ‘पूर्ण’, व्हायला आणखी नऊ मिनिटं गेली. ‘४६ मिनिटांत पूर्ण’ हे सहसा स्क्रीनवरच्या १००चं असतं. काही फोन काउंटर धड देत नाहीत. तो शून्य दिसला किंवा हललाच नाही तर नाद सोडा.

भटक्या

ब्रेकची गोष्ट मागे घेतो, पायऱ्या मान्य. पण मग जलद चार्जिंगनं बॅटरी लवकर मरते हे तरी खरं ना? मी म्हणूनच मुद्दाम मंद चार्जर वापरतो.

मीटरवाला

माझ्या मते खरं नुकसान उष्णतेचं आणि वरच्या व्होल्टेजवर पडून राहण्याचं. रात्रभर १००वर, उशीखाली, मंद चार्जरवर असलेला फोन मला जास्त खटकतो. पायऱ्या नीट आखलेल्या असतील तर वेगाचा हिस्सा कमी असतो.

अस्मानी

इथे मी भटक्यांच्या बाजूने. ‘नीट आखलेल्या असतील तर’ हे बाहेरून कळणार कसं? ज्या पायऱ्या दिसतच नाहीत त्यांच्यावर विश्वास ठेवून दररोज पूर्ण वेगानं भरायचं, हे मला जमणार नाही. घाई असेल तेव्हा जलद, एरवी मंद. त्यात तोटा तर काही नाही.

मीटरवाला

तोटा नाही, हे मान्य.

नीलपंख

उशिरा आले धाग्यावर. माझा फोन तीन वर्षांचा आहे. नवा असताना ७५पर्यंत सुसाट जायचा, आता ६०लाच रांगायला लागतो. चार्जर तोच, केबलही तीच. मीटरवाला यांच्या हिशोबानं बॅटरीचा विरोध वाढला असं समजायचं का? की मी बघते ते निव्वळ तापण्यामुळे? चार्जिंगच्या वेळी फोन बराच गरम लागतो.

मीटरवाला

दोन्ही शक्य आहे. वय झालं की विरोध वाढतो, त्यामुळे व्होल्टेज लवकर टेकतं आणि वळण अलीकडे सरकतं. पण तापल्यामुळे फोननं स्वतःहून प्रवाह उतरवला तरी वरून अगदी असंच दिसतं. ओळखायची खूण व्होल्टेजमध्ये आहे. वेग पडल्यावर वरची आज्ञा द्या. व्होल्टेज मर्यादेला टेकलेलं असेल आणि तरी प्रवाह कमी असेल तर कारण सेलमध्ये आहे. व्होल्टेज मर्यादेच्या बरंच खाली असूनही प्रवाह कमी असेल तर तो फोननं उतरवलाय, आणि तेव्हा तापमान बघा. तुमच्या फोनची मर्यादा किती हे माहीत नसेल तर चार्जिंग संपत आलं की जे व्होल्टेज दिसतं तीच धरा.

नीलपंख

आज केलं. ६३ टक्क्यांवर वेग पडला तेव्हा `voltage: 4262`, `temperature: 418`. शेवटी ९९ला ४३८६ दिसत होतं. पाच मिनिटांचा हिशोब काढला तर दीड अँपिअरच्या आसपास येतो.

मीटरवाला

४१.८ अंश, आणि मर्यादेच्या खाली बरीच जागा शिल्लक असताना दीडच अँपिअर. पहिला संशय उष्णतेवर. कव्हर काढा, फोन टाइलवर किंवा काचेच्या टेबलावर ठेवा, स्क्रीन बंद, आणि पुन्हा बघा. गार राहूनही ६३लाच पडला तर पुढे बोलू, कारण काही फोन बॅटरीच्या वयानुसार पायऱ्या स्वतःच खाली आणतात आणि ते या नोंदींवरून वेगळं काढता येत नाही.

नीलपंख

कव्हर न काढता वर्षं झाली असतील. बघते.

ऋतुगंध

मी दुसरा फोन घेतेय, ६०००चा. आमच्याकडे तो रात्रीच लागतो, सकाळी घाईत पंधरा मिनिटांसाठी लावायची वेळ क्वचित येते. पहिला फोन भावाला सुचवलाय, तो दिवसभर बाहेर असतो आणि जिथे पंधरा मिनिटं मिळतील तिथे लावतो. त्याच्यासाठी ३९ वॅटचा आकडाच खरा.

सुलभाताई

सेटिंग सापडलं! चालूच होतं. बंद करू की राहू दे?

मीटरवाला

राहू द्या ताई. एखाद्या दिवशी सकाळी लवकर बाहेर पडायचं असेल तर आदल्या रात्री तेवढं बंद करा.